वरची एन्ट्रॉपी येते कुठून?

प्रयोगशाळेत एक मोठी टाकी आहे. तिच्यातले पाणी थर्मोस्टॅटने कायम ८० अंश सेल्सिअसवर ठेवले आहे. या टाकीत तांब्याचे एक पातळ भांडे बुडवले. भांड्यात २० अंशांचे एक किलो पाणी आहे आणि एक छोटी रवी ते हळूहळू ढवळते आहे. काही वेळाने भांड्यातले पाणीही ८० अंशांना पोहोचते. या साध्या घटनेचा एन्ट्रॉपीचा हिशेब मांडला, तर तो जुळत नाही. टाकीने पाण्याला जेवढी एन्ट्रॉपी दिली, त्यापेक्षा पाण्याची एन्ट्रॉपी ६८ एककांनी जास्त वाढलेली निघते.

चूक आकडेमोडीत नाही आणि मोजमापातही नाही. ऊर्जेच्या बाबतीत असे कधी होत नाही. टाकीने २,५१,००० ज्यूल उष्णता गमावली असेल, तर पाण्याने नेमकी तेवढीच कमावलेली असते. एन्ट्रॉपीचा जमाखर्च मात्र नेहमी एकाच बाजूला झुकतो. तो कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगणारा नियम म्हणजे ‘क्लॉसियसची असमानता’. आणि तो किती झुकला, यावरून त्या घटनेत काय वाया गेले, हे कळते.

या नियमाचे मूळ वाफेच्या इंजिनात आहे. फ्रेंच लष्करी अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. दिलेल्या उष्णतेतून इंजिन जास्तीत जास्त किती काम काढू शकेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की ही मर्यादा वाफेवर, हवेवर किंवा इंजिनाच्या घडणीवर अवलंबून नसते. उष्णता कोणत्या तापमानाला घेतली आणि कोणत्या तापमानाला सोडली, एवढ्यावरच ती ठरते. अट इतकीच की इंजिन असे चालावे, की प्रत्येक टप्पा उलटाही फिरवता येईल. कार्नो १८३२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कॉलऱ्याने गेला. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, असे त्याच्या पुस्तकात गृहीत धरले होते. ती कल्पना पुढे चुकीची ठरली, तरी निष्कर्ष टिकला.

तो निष्कर्ष नव्या पायावर उभा करण्याचे काम रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने केले. १८५० च्या निबंधात त्याने उष्णता आणि काम यांचे नाते नीट लावले. १८५४ मध्ये त्याने घेतलेल्या किंवा दिलेल्या उष्णतेला केवळ तापमानाने भागून येणाऱ्या राशीकडे लक्ष वेधले. केवळ तापमान म्हणजे केल्व्हिनमध्ये मोजलेले तापमान. २० अंश सेल्सिअस म्हणजे २९३ केल्व्हिन आणि ८० अंश म्हणजे ३५३. कोणताही पदार्थ उलटवता येण्याजोग्या मार्गाने फिरून मूळ स्थितीला आला, तर वाटेतल्या अशा सर्व भागाकारांची बेरीज शून्य येते, असे त्याने दाखवले. याचा अर्थ, पदार्थाच्या प्रत्येक स्थितीशी एक ठरावीक राशी बांधलेली असली पाहिजे; ती मार्ग कोणता यावर अवलंबून नसते, फक्त सुरुवात आणि शेवट यांवर असते. १८६५ मध्ये, झुरिकला प्राध्यापक असताना, त्याने या राशीला ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले आणि तिच्यासाठी S हे अक्षर वापरले.

आता पुन्हा त्या भांड्याकडे. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. साठ अंशांसाठी झाले २,५१,१६० ज्यूल. ही सगळी उष्णता टाकीतून आली आणि टाकी पूर्ण वेळ ३५३ केल्व्हिनवरच होती. म्हणून टाकीच्या बाजूचा भागाकार सोपा आहे: २,५१,१६० भागिले ३५३, म्हणजे ७१२ ज्यूल प्रति केल्व्हिन. पाण्याच्या बाजूला तापमान सारखे बदलत होते. तिथे उष्णतेचा प्रत्येक छोटा हिस्सा त्या त्या क्षणीच्या तापमानाने भागून बेरीज करावी लागते. ही बेरीज म्हणजे ४,१८६ गुणिले ३५३/२९३ या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. उत्तर येते ७८०. टाकीने ७१२ दिले, पाण्याला ७८० मिळाले; वरचे ६८ हे असे.

क्लॉसियसची असमानता हेच सूत्ररूपात सांगते:

ΔS ≥ ∑ Q/T

डावीकडे पदार्थाच्या एन्ट्रॉपीतला बदल, उजवीकडे बाहेरून आलेल्या उष्णतेचे भागाकार. बरोबरीचे चिन्ह फक्त उलटवता येणाऱ्या प्रक्रियेपुरते लागू. प्रत्यक्षातल्या प्रत्येक प्रक्रियेत डावी बाजू मोठी असते.

हा फरक आपल्या हातात किती आहे, ते पाहण्यासाठी प्रयोग थोडा बदलता येतो. एकाऐवजी दोन टाक्या घ्यायच्या, एक ५० अंशांची आणि दुसरी ८० ची. भांडे आधी पहिलीत ठेवायचे आणि पाणी ५० ला पोहोचले की दुसरीत. पाण्याची सुरुवात आणि शेवट तेच असल्यामुळे त्याच्या एन्ट्रॉपीतली वाढ तीच, ७८०. उष्णताही एकूण तेवढीच. पण आता तिचा अर्धा भाग ३२३ ने भागायचा आणि अर्धा ३५३ ने. बेरीज येते ७४५ आणि फरक उरतो ३५. टाक्या चार केल्या, ३५, ५०, ६५ आणि ८० अंशांच्या, तर भागाकारांची बेरीज ७६२ होते आणि फरक १८ वर येतो. टाक्या दुप्पट केल्या की फरक जवळजवळ निम्मा होतो. हजार टाक्या लावल्या तर तो नगण्य राहील, आणि मग पाणी त्याच टाक्यांमधून उलट क्रमाने नेऊन जवळपास सगळी उष्णता जिथल्या तिथे परत करता येईल. ‘उलटवता येणारी प्रक्रिया’ म्हणतात ती हीच: तापमानातली दरी इतकी अरुंद, की दिशा बदलायला जवळपास काहीच लागत नाही. अर्थात, दरी जितकी अरुंद तितकी उष्णता संथ वाहते. पूर्णपणे उलटवता येणाऱ्या प्रक्रियेला अनंत काळ लागेल.

मग पहिल्या प्रयोगातले ते ६८ नेमके कुठे तयार झाले? टाकीतले पाणी सगळीकडे ८० अंशांचे होते. तिथे काही घडले नाही. भांड्यातले पाणी ढवळले जात होते, त्यामुळे कोणत्याही क्षणी तेही सगळीकडे सारख्याच तापमानाचे होते. उरली ती मधली भिंत: तांब्याचा पातळ पत्रा आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिकटून असलेले पाण्याचे तलम थर. सगळी दरी तिथेच आहे. अगदी सुरुवातीला एक ज्यूल उष्णता या भिंतीत ३५३ केल्व्हिनला शिरते आणि २९३ ला बाहेर पडते. शिरताना तिच्यासोबत १/३५३ एवढी एन्ट्रॉपी असते आणि बाहेर पडताना १/२९३. ज्यूल तोच, भाजक लहान झाला, म्हणून भागाकार मोठा झाला. भिंत स्वतः काही साठवत नाही. तिच्यातून जाताना ऊर्जा तेवढीच राहते आणि एन्ट्रॉपी वाढते.

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण सूत्रातला T कोणाचा, हे पुस्तकात बहुतेकदा एका ओळीत उरकलेले असते. तो T असतो सीमेवरचा. जिथून उष्णता आत शिरते त्या जागेचा. सीमा भिंतीच्या बाहेरून आखली, तर T टाकीचा, ३५३. बेरीज ७१२ येते आणि असमानता दिसते. सीमा भिंतीच्या आतून आखली, तर T पाण्याचाच. बेरीज बरोबर ७८० येते आणि असमानतेची समानता होते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. दुसऱ्यात भिंत हिशेबाबाहेर राहिली, एवढेच. तेव्हा फरक शून्य आला म्हणजे कुठेच काही वाया गेले नाही, असा अर्थ काढता येत नाही. वाया गेलेले सीमेबाहेरही असू शकते.

दुसरी फसगत ‘वाढते’ या शब्दापाशी होते. गरम झालेले भांडे टाकीतून काढून २० अंशांच्या मोठ्या टाकीत बुडवले, तर पाणी थंड होते आणि त्याची एन्ट्रॉपी ७८० ने कमी होते. नियम मोडला का? नाही. पाण्याने आता २,५१,१६० ज्यूल बाहेर टाकले, तेही २९३ केल्व्हिनच्या टाकीत. भागाकार येतो उणे ८५७. उणे ७८० ही संख्या उणे ८५७ पेक्षा मोठीच आहे, फरक ७७ चा. म्हणजे पाण्याने ७८० गमावले, पण थंड टाकीकडे ८५७ पोहोचले. एखाद्या वस्तूची एन्ट्रॉपी खुशाल कमी होऊ शकते. Q/T सांगते त्याहून जास्त मात्र ती घटू शकत नाही.

या दोन टप्प्यांचे मिळून एक पूर्ण चक्र होते. पाणी २० वरून ८० वर गेले आणि परत २० वर आले. त्याची एन्ट्रॉपी जिथल्या तिथे आहे. पण भागाकारांची बेरीज पाहिली तर अधिक ७१२ आणि उणे ८५७, म्हणजे उणे १४५. क्लॉसियसने नियम मांडला तो मुळात अशा चक्रासाठी: चक्रातल्या भागाकारांची बेरीज शून्य असेल किंवा उणे, अधिक कधीच नसेल. ती अधिक यायची, तर पाण्याला ही फेरी उलटी करावी लागेल. थंड टाकीतून उष्णता घ्यायची, गरम टाकीत ओतायची आणि बाकी जगात कुठेही काही बदलायचे नाही. थंडाकडून गरमाकडे उष्णता आपोआप जात नाही, या अनुभवावरच क्लॉसियसने आपला दुसरा नियम उभारला होता. असमानता त्यातूनच निघते.

चक्राच्या नियमावरून एकेरी प्रक्रियेचा नियम असा निघतो: जायचे खऱ्या, न उलटणाऱ्या मार्गाने आणि परतायचे हजार टाक्यांच्या संथ मार्गाने. जाताना बेरीज ७१२. परतीची वाट उलटवता येणारी असल्यामुळे तिच्यावरची बेरीज म्हणजे एन्ट्रॉपीतलाच बदल, उणे ७८०. चक्राची बेरीज उणे ६८. ही बेरीज शून्याहून मोठी असूच शकत नाही. म्हणजे जातानाची बेरीज कधीही ७८० च्या वर जाऊ शकत नाही. कमी मात्र कितीही असू शकते.

किती कमी? अगदी शून्यही. याचे उदाहरण क्लॉसियसच्या निबंधांआधीच, १८४५ साली, जेम्स ज्यूलने दाखवले होते. त्याने तांब्याची दोन भांडी तोटीने जोडली. एकात सुमारे बावीस वातावरणांच्या दाबाखाली हवा कोंबली, दुसरे निर्वात केले आणि दोन्ही पाण्यात बुडवली. तोटी उघडताच हवा दुसऱ्या भांड्यात घुसली. आजूबाजूच्या पाण्याच्या तापमानात त्याच्या थर्मामीटरला काहीही बदल आढळला नाही. उष्णता आत आली नाही, बाहेर गेली नाही. असमानतेची उजवी बाजू सरळ शून्य. तरीही तोटी उघडी ठेवून कितीही वाट पाहिली, तरी हवा आपणहून पहिल्या भांड्यात परत जाणार नव्हती.

या हवेची एन्ट्रॉपी किती वाढली, हे काढायला दुसरी वाट घ्यावी लागते. समजा, ३०० केल्व्हिनला एक मोल वायू आहे आणि त्याचे आकारमान दुप्पट करायचे आहे. तोटी उघडण्याऐवजी दट्ट्या अगदी सावकाश मागे सरकू द्यायचा. वायू दट्ट्याला ढकलताना सुमारे १,७२९ ज्यूल काम करतो. तापमान तेच राहावे म्हणून तेवढीच उष्णता भोवतालातून शोषतो. १,७२९ भागिले ३०० म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन. सुरुवात आणि शेवट सारखेच असल्यामुळे तोटी उघडली तरी एन्ट्रॉपी तेवढीच वाढते. फरक इतकाच की तोटीच्या मार्गात वायूने ढकलायला समोर काहीच नव्हते. काम झाले नाही, म्हणून उष्णताही लागली नाही.

असमानतेमागचे कारण इथे सर्वांत स्वच्छ दिसते. पदार्थाच्या आतल्या ऊर्जेतला बदल म्हणजे आलेली उष्णता वजा केलेले काम. दोन मार्गांची टोके सारखी असतील, तर हा बदलही सारखाच असतो. मग एखाद्या मार्गावर पदार्थाने जितके काम कमी केले, तितकीच उष्णता त्याला कमी घ्यावी लागते. आणि उलटवता येणाऱ्या मार्गावर काढता येते त्याहून जास्त काम दुसऱ्या कोणत्याही मार्गावर काढता येत नाही. कार्नोने सांगितले ते हेच. म्हणून खऱ्या मार्गावरची उष्णता नेहमी थोडी कमी पडते. एन्ट्रॉपी मात्र संथ मार्गावरच्या पूर्ण उष्णतेवरून ठरलेली असते. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी येते ती यामुळे. घर्षण असो, वायूचे मिसळणे असो की मोठ्या दरीतून वाहणारी उष्णता असो, प्रत्येक ठिकाणी काढता आले असते असे काही काम काढायचे राहून गेलेले असते.

ते किती राहिले, हे मोजताही येते. तयार झालेली एन्ट्रॉपी भोवतालच्या तापमानाने गुणली की हुकलेले काम ज्यूलमध्ये मिळते. पाण्याच्या पूर्ण चक्रात १४५ एकके तयार झाली. भोवताल २९३ केल्व्हिनचा धरून आणि दशांश न सोडता हिशेब केला, तर उत्तर येते ४२.७ किलोज्यूल. आता वेगळ्या वाटेने तपासू. ८० आणि २० अंशांच्या त्याच दोन टाक्यांमध्ये कार्नोचे आदर्श इंजिन बसवले असते, तर त्याची कार्यक्षमता ६० भागिले ३५३, म्हणजे सुमारे १७ टक्के. २५१ किलोज्यूलचे १७ टक्के म्हणजे पुन्हा ४२.७. भांडे या टाकीतून त्या टाकीत हलवणाऱ्याने काहीही मोडले नाही, काही सांडले नाही, ऊर्जेचा एक ज्यूलही हरवला नाही. पण त्या उष्णतेतून मिळू शकणारे सगळे काम त्याने सोडून दिले.

हाच हिशेब न्हाणीघरातल्या गीझरला लावला, तर आकडे आणखी बोलके होतात. समजा, तेच एक किलो पाणी विजेच्या कॉइलने २० वरून ८० अंशांवर नेले. पाणी आणि कॉइल मिळून एक वस्तू मानली, तर बाहेरून आत शिरते ती फक्त वीज, आणि वीज म्हणजे काम. उष्णता सीमा ओलांडतच नाही. उजवी बाजू ज्यूलच्या भांड्यांसारखीच शून्य, आणि सगळीच्या सगळी ७८० एकके आत तयार होतात. हुकलेले काम २९३ गुणिले ७८०, सुमारे २२८.५ किलोज्यूल. वीज खर्च झाली २५१ किलोज्यूल. म्हणजे हे पाणी तापवायला आदर्श यंत्राला फक्त २२.७ किलोज्यूल वीज पुरली असती. बाकीची उष्णता त्याने खोलीतल्या हवेतूनच उपसली असती. गीझरवर ‘जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम’ असे लिहिले तर ते ऊर्जेच्या हिशेबाने खरे असते. क्लॉसियसच्या हिशेबाने मात्र तो नऊ टक्क्यांवर आहे.

उष्णता उपसणारी अशी यंत्रे, म्हणजे हीट पंप, हॉटेलांत, रुग्णालयांत आणि काही घरांत पाणी तापवायला वापरली जातात. त्यांची रचना फ्रीजसारखीच असते. फक्त फ्रीजच्या मागच्या जाळीतून बाहेर पडणारी उष्णता इथे पाण्याला दिली जाते. चांगला हीट पंप गीझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास विजेत तेवढेच पाणी तापवतो. आदर्श आकडा त्याहून बराच खाली आहे, आणि मधले अंतर कुठे जाते, हे अभियंते असमानतेच्याच आधारे भाग पाडून शोधतात. प्रत्येक भागाभोवती एक सीमा आखायची, एन्ट्रॉपी किती शिरली आणि किती बाहेर पडली ते मोजायचे, फरकाला भोवतालच्या तापमानाने गुणायचे. कॉम्प्रेसरमध्ये घर्षण सापडते. उष्णता देणाऱ्या-घेणाऱ्या नळ्यांमध्ये तापमानाची दरी सापडते, त्या तांब्याच्या भिंतीसारखीच. आणि दाब एकदम उतरवणाऱ्या झडपेत, जिथे द्रव अरुंद वाटेतून घुसतो आणि त्याच्याकडून काहीच काम करून घेतले जात नाही, तिथे ज्यूलच्या तोटीसारखाच तोटा सापडतो. नळ्यांचे क्षेत्रफळ वाढवून दरी कमी करता येते, पण तांबे जास्त लागते आणि यंत्र महागते. झडपेच्या जागी छोटे टर्बाइन बसवता येते, पण घरगुती यंत्रात त्यातून मिळणारे काम इतके थोडे असते की तो खर्च परवडत नाही. म्हणून बहुतेक यंत्रांत झडपच ठेवलेली असते.